जीएसटीचं चलन एक आणि पासबुकात नोंदी तीन: जुळणी कुठे चुकते?

तक्रार साधारण दर महिन्याच्या 20 तारखेच्या आसपास येते. बँकेतून जीएसटीचे पैसे गेलेत, पण पोर्टलवर चलन भरलेलं दिसत नाही. किंवा पोर्टलवर चलन भरलेलं दिसतं, पण तेवढ्या रकमेची नोंद बँकेच्या स्टेटमेंटमध्ये सापडत नाही. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा: सारख्याच रकमेची दोन चलनं, सारख्याच रकमेच्या दोन नोंदी आणि कुठली कुठल्याची हे सांगता येत नाही.

कोकणात हा घोळ जास्त होण्यामागे एक साधं कारण आहे. वेंगुर्ल्याचा काजू कारखाना असो, मालवणचं बर्फाचं युनिट असो की देवगडचा आंबा कॅनिंगवाला, चालू खातं बऱ्याचदा गावातल्या सहकारी बँकेत असतं. अशी बँक जीएसटी पोर्टलच्या नेट बँकिंगच्या यादीत नसली, तर चलन बऱ्याचदा एनईएफटी किंवा आरटीजीएसने भरलं जातं. या वाटेवर पैसे आणि माहिती दोन-तीन हातांतून जातात आणि प्रत्येक हात आपला वेगळा नंबर लावतो. जुळणी अडते ती या नंबरांपाशी, रकमेपाशी क्वचितच.

कोणता नंबर कोणाचा

पोर्टलवर चलन तयार केलं की त्याला सीपीआयएन मिळतो, 14 अंकी. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे, मग राज्याचा कोड (महाराष्ट्राचा 27) आणि उरलेले आठ अनुक्रमाचे. म्हणजे `25082700431876` हे ऑगस्ट 2025 मध्ये महाराष्ट्रातल्या करदात्याने तयार केलेलं चलन, हे नुसतं बघून कळतं. हा नंबर फक्त चलन तयार झाल्याचा. पैसे भरल्याचा तो पुरावा नाही. त्याची मुदत 15 दिवस.

एनईएफटीचा पर्याय निवडला की पोर्टल एक मँडेट फॉर्म देतं. तो शाखेत देऊन पैसे पाठवायचे. त्यावर लाभार्थीचा खाते क्रमांक म्हणून हाच सीपीआयएन असतो आणि आयएफएससी `RBIS0GSTPMT`. म्हणजे पैसे थेट रिझर्व्ह बँकेकडे जातात आणि तुमचं चलन ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेजवळ खाते क्रमांकाच्या रकान्यातले हे 14 अंकच असतात.

पैसे निघाले की बँक त्या व्यवहाराचा नंबर देते, तो यूटीआर. एनईएफटीचा यूटीआर 16 अक्षरी, आरटीजीएसचा 22 अक्षरी. आरटीजीएसच्या यूटीआरमध्ये तारीख उघड लिहिलेली असते, वर्ष-महिना-दिवस अशा आठ अंकांत. एनईएफटीच्या यूटीआरमध्ये बहुतेक बँका वर्षाचे दोन अंक आणि वर्षातला कितवा दिवस याचे तीन अंक घालतात. 19 ऑगस्ट हा 2025 चा 231 वा दिवस, म्हणून त्या दिवशीच्या यूटीआरमध्ये 25231 दिसेल. पासबुकातली तारीख पुसट असली, की हे अंक कामी येतात.

इथेच सहकारी बँकेचा पेच येतो. लहान सहकारी बँका एनईएफटीत थेट सभासद नसतात, एखाद्या मोठ्या बँकेच्या उपसभासद म्हणून काम करतात. त्यामुळे यूटीआरची पहिली चार अक्षरं त्या मोठ्या बँकेची निघू शकतात. हिशेब लिहिणारा म्हणतो, ‘हा यूटीआर आपला नाही, आपलं तिथे खातंच नाही,’ आणि बरोबर नोंद बाजूला टाकतो. यूटीआर आपलाच असतो.

रिझर्व्ह बँकेने पैसे स्वीकारून पोर्टलला कळवले की शेवटचा नंबर तयार होतो: सीआयएन. यात सीपीआयएनचे तेच 14 अंक आणि बँकेचा कोड असतो. सीआयएन आला म्हणजेच चलन भरलं गेलं आणि रक्कम तुमच्या इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरला जमा झाली. त्याआधी पासबुकात काहीही छापलेलं असो, सरकारच्या हिशेबी पैसे आलेले नाहीत.

जुळणी करताना या तिघांची साखळी लावायची: बँकेच्या नोंदीपासून यूटीआर, यूटीआरपासून सीपीआयएन, सीपीआयएनपासून सीआयएन. रक्कम आणि तारीख फक्त पडताळणीला. दोन्ही बाजूंना रक्कम सारखी आहे म्हणून टिक मारली, की खालच्यासारखी गोष्ट होते.

एक उदाहरण सुटं करून

समजा, वेंगुर्ला तालुक्यातला एक काजू प्रक्रिया कारखाना आहे. जुलैच्या विवरणासाठी रोखीने भरायचा कर: सीजीएसटी 24,615 आणि एसजीएसटी 24,615, एकूण 49,230 रुपये. शेवटची तारीख 20 ऑगस्ट. 18 तारखेला `25082700431876` हे चलन काढून सहकारी बँकेच्या शाखेत दिलं. महिनाअखेर पासबुक असं दिसलं:

```
18/08  NEFT GST 25082700431876   49,320.00 Dr
18/08  NEFT CHG                       5.90 Dr
19/08  NEFT RTN                  49,320.00 Cr
19/08  NEFT GST                  49,230.00 Dr
19/08  NEFT CHG                       5.90 Dr
```

कारखान्याचं दुसरं चालू खातं एका राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. त्याच्या स्टेटमेंटमध्ये एक ओळ:

```
20/08  GST 25082700438052        49,230.00 Dr
```

पोर्टलवर मात्र भरलेली चलनं दोनच. दोन्ही 49,230 ची आणि दोन्ही 20 तारखेला जमा झालेली.

पहिली ओळ नीट वाचा. 49,320 आहे, 49,230 नाही. शाखेत रक्कम टाकताना दोन आकडे उलटले. फरक 90. दोन शेजारचे आकडे उलटले की फरक नेहमी 9 ने भागला जातो. जुळणीत 9, 90, 270, 1,800 असा फरक उरला तर बेरीज पुन्हा करण्याआधी आकडे उलटले आहेत का ते बघावं. मँडेट फॉर्मवरची रक्कम आणि आलेली रक्कम तंतोतंत जुळली नाही तर रिझर्व्ह बँकेकडून पैसे परत जातात. थोडे जास्त आले म्हणून ठेवून घेतलेत असं होत नाही. तिसरी ओळ ती परतफेड. परतीच्या नोंदीत सीपीआयएन छापलेला नाही, तरी रक्कम वेगळी असल्यामुळे ही जोडी सहज लागते. या दोन ओळींचं कुठल्याही चलनाशी नातं नाही. त्या एकमेकींशी जुळवून बाजूला काढायच्या.

एनईएफटीची परती नियमाप्रमाणे बॅच पूर्ण झाल्यावर दोन तासांत मूळ बँकेकडे निघायला हवी. पण ती आधी मोठ्या बँकेकडे येते, मग सहकारी बँकेकडे, मग कोणीतरी तुमच्या खात्यात जमा करतं. म्हणून परतीची तारीख दुसऱ्या दिवसाची दिसली तर नवल नाही.

5.90 च्या ओळी बँकेच्या शुल्काच्या. शाखेतून केलेल्या 10,001 ते 1 लाखाच्या एनईएफटीला जास्तीत जास्त 5 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणून 5.90. इथे त्या वेगळ्या छापल्यात हे नशीब. काही ठिकाणी शुल्क मूळ रकमेत मिसळून 49,235.90 अशी एकच ओळ येते आणि मग रकमेवरून शोधणाऱ्याला ती सापडतच नाही. अशी पैशांत संपणारी रक्कम दिसली की आधी शुल्क वजा करून बघावं, कारण चलनाची रक्कम पूर्ण रुपयांत असते. शुल्क बँक खर्चात टाका, कराच्या खात्यात नको.

आता खरा प्रश्न. 19 तारखेला शाखेने योग्य रकमेने, त्याच सीपीआयएनवर पुन्हा पैसे पाठवले. मुदत 15 दिवसांची असल्याने तोच सीपीआयएन चालला. पण संध्याकाळपर्यंत पोर्टलवर चलन भरलेलं दिसेना, म्हणून कोणीतरी घाबरून 20 तारखेला नवं चलन काढलं आणि दुसऱ्या बँकेतून नेट बँकिंगने भरलं. थोड्या वेळाने पहिलंही जमा झालं. दोन्ही खरी, दोन्ही भरलेली. कर एकदाच द्यायचा होता.

19 तारखेच्या ओळीत सीपीआयएन नाही. ती `…876` ची की `…052` ची? तारखेवरून सांगता येत नाही, कारण दोन्ही चलनं 20 ला जमा आहेत. रकमेवरूनही नाही. इथे शाखेकडून त्या नोंदीचा यूटीआर मागायचा आणि पोर्टलवरच्या चलनात नोंदलेल्या संदर्भ क्रमांकाशी ताडायचा. `…052` चा मार्ग नेट बँकिंगचा आहे, त्याच्या पावतीवर राष्ट्रीयीकृत बँकेचा स्वतःचा संदर्भ क्रमांक असतो, यूटीआर नसतो. एवढं दिसलं की शंका उरत नाही.

पोर्टलवर कुठे बघायचं

आधी `Services > Payments > Challan History`. महिन्याची चलनं काढा, भरलेलीच नव्हे तर सगळी. न भरलेलं किंवा मुदत संपलेलं चलनही महत्त्वाचं आहे, कारण पासबुकातली अनाथ ओळ बऱ्याचदा त्याच्याशी जुळते. मग `Services > Ledgers > Electronic Cash Ledger`. लेजरमध्ये दोन प्रकारच्या ओळी असतात: चलनाने आलेली जमा आणि विवरण भरताना झालेली वजावट. बँकेची नोंद फक्त पहिल्या प्रकाराशी जुळवायची.

हिशेबाच्या वह्यांत अनेकांचं इथेच बिघडतं. बँकेतून 49,230 गेले की ते थेट ‘जीएसटी देय’ खात्याला नावे टाकतात. त्याऐवजी ‘इलेक्ट्रॉनिक कॅश लेजर’ नावाचं एक खातं उघडा. बँकेतून पैसे गेले की त्या खात्याला नावे. विवरण भरलं की त्या खात्याला जमा आणि देय कराला नावे. मग वरच्या उदाहरणातलं दुसरं चलन चूक म्हणून दडवावं लागत नाही. 98,460 आले, 49,230 वापरले, 49,230 शिल्लक. पोर्टलवरची शिल्लक आणि वहीतली शिल्लक एकच. ती पुढच्या महिन्याच्या कराला वापरता येते. परतच हवी असेल तर `RFD-01` मधून जास्तीच्या शिलकेचा परतावा मागता येतो, पण 49,230 साठी पुढच्या महिन्यात वापरणं जास्त सोपं.

एक्सेलमध्ये शोधताना

नोंदी पाच-दहा असतील तर डोळ्यांनी काम होतं. वर्षाचं स्टेटमेंट एकदम घेतलं तर सीपीआयएन किती वेळा आलाय हे मोजावं. `A2` मध्ये सीपीआयएन आणि `Bank` नावाच्या शीटच्या `C` रकान्यात नोंदींचा तपशील आहे असं धरून:

```
=COUNTIF(Bank!C:C,"*"&A2&"*")
```

उत्तर 1 आलं तर बहुधा सरळ जुळणी. 2 किंवा जास्त आलं तर परत आलेला व्यवहार किंवा दोनदा पाठवलेले पैसे. 0 आलं तर बँकेने तपशिलात सीपीआयएन छापलेला नाही, किंवा रकाना अरुंद असल्याने शेवटचे अंक कापले गेलेत. मग पूर्ण 14 अंकांऐवजी पहिल्या दहा-बारा अंकांनी शोधून बघा.

एक सापळा मात्र सांगायलाच हवा. स्टेटमेंटची सीएसव्ही फाइल थेट एक्सेलमध्ये उघडली आणि सीपीआयएन वेगळ्या रकान्यात असला, तर तो `2.50827E+13` असा दिसतो. तोवर अंक आत शाबूत असतात. पण तशीच फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून जतन केली की दिसतं तेच लिहिलं जातं आणि उरलेले अंक कायमचे जातात. तो रकाना आधीच मजकूर स्वरूपात आयात करा आणि बँकेची मूळ फाइल हात न लावता बाजूला ठेवा.

बँकेतून गेले, पोर्टलवर आले नाहीत

पैसे तीनपैकी एका जागी असतात. यूटीआरच तयार झाला नसेल तर ते अजून बँकेतच आहेत. खात्यातून वजा झालेत पण पुढे पाठवलेले नाहीत, तेव्हा शाखेतच विचारा. यूटीआर आहे पण सीआयएन नाही, तर पैसे वाटेत आहेत किंवा परतीच्या वाटेवर. अशा वेळी चलन इतिहासात त्या सीपीआयएनवर यूटीआर जोडण्याची सोय आहे, ती वापरा. एक दिवस उलटूनही काही हललं नाही आणि परतही आले नाहीत, तर `GST PMT-07` ही पेमेंटची तक्रार भरा. त्यात सीपीआयएन, रक्कम, तारीख, बँक आणि संदर्भ क्रमांक लागतात. वरच्या उदाहरणात जर 19 तारखेची ओळ चुकून `…052` शी जुळवली असती, तर तक्रारीत भलताच यूटीआर गेला असता आणि उत्तर ‘हे चलन भरलेलं आहे’ असं आलं असतं.

तिसरी जागा म्हणजे कॅश लेजर. पैसे तिथे आलेत, फक्त तुम्ही विवरणात वापरलेले नाहीत. यात जुळणी बरोबरच आहे, काम अपुरं आहे.

नवं चलन काढण्याची घाई करू नका, निदान 20 तारीख अगदी डोक्यावर नसेल तर. आणि डोक्यावर असेल तर हिशेब असा: 49,230 वर वार्षिक 18 टक्के व्याज म्हणजे दिवसाला साधारण 24 रुपये, शिवाय विवरण उशिरा गेलं तर दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क. एका दिवसाच्या या साधारण 74 रुपयांसाठी आणखी 49,230 अडकवायचे का, हे प्रत्येकाने आपल्या हातातल्या रोकडीकडे बघून ठरवावं. काजूबियांच्या खरेदीच्या हंगामात उत्तर वेगळं येईल, गणपतीच्या तोंडावर वेगळं.

तारखेबाबत एवढं लक्षात असू द्या, की पासबुकातली वजा तारीख कर भरल्याची तारीख ठरत नाही. सरकारच्या खात्यात जमा झाल्याची, म्हणजे कॅश लेजरमधली तारीख धरली जाते. एनईएफटी 2019 च्या डिसेंबरपासून चोवीस तास चालते, पण सहकारी बँकेची मधली पायरी शाखेच्या वेळेतच चालत असेल तर 20 च्या संध्याकाळी दिलेला फॉर्म 21 ला जमा होऊ शकतो. मँडेट फॉर्म 18 पर्यंत शाखेत गेलेला बरा.

स्टेटमेंटमध्ये नोंदच नसेल तर

चलन भरलेलं आहे, सीआयएन आहे, पण कुठल्याच खात्यात ओळ नाही. यात बहुतेक वेळा पैसे दुसऱ्याच्या खात्यातून गेलेले असतात. कर सल्लागाराने आपल्या खात्यातून भरून नंतर पैसे घेतले, किंवा मालकाने बचत खात्यातून भरले. सल्लागाराला दिलेल्या 52,000 मध्ये 49,230 कराचे आणि बाकी फी असू शकते. ती ओळ चलनाशी जबरदस्तीने जुळवू नका. सल्लागाराचं खातं मध्ये ठेवून कर आणि फी वेगळी करा. मालकाने भरले असतील तर भांडवल खात्याला जमा.

टीडीएसच्या चलनालाही हीच पद्धत लागू आहे, फक्त नंबर बदलतात. तिथे भरण्याआधीचा नंबर सीआरएन. भरल्यावर ओळख तीन गोष्टींनी पटते: शाखेचा 7 अंकी बीएसआर कोड, भरल्याची तारीख आणि 5 अंकी चलन क्रमांक. चलन क्रमांक एकटा घेऊन शोधू नका, तोच क्रमांक दुसऱ्या दिवशी किंवा दुसऱ्या शाखेत पुन्हा येऊ शकतो. टीडीएसच्या विवरणात ही तिन्ही तशीच्या तशी टाकावी लागतात आणि तिथे पासबुकातली तारीख लिहिली तर चलन जुळत नाही. तारीख चलनावरचीच लिहायची, बँकेतून पैसे आदल्या दिवशी गेले असले तरी.